बिल नाही, पण हिशेब आहे

खंडेनवमीनंतरच्या आठवड्यात कारखान्यांच्या अकाउंट्स विभागात दरवर्षी एकच वाद रंगतो. यंत्रपूजेसाठी झेंडू आणला, नारळ आणले, केळीचे खुंट आणले, सगळं दारात उतरवायला रिक्षा केली. यातल्या कुणीही बिल दिलेलं नाही, आणि मागितलं असतं तरी दिलं नसतं. ज्याने सामान आणलं तो शिपाई पैसे मागतो, कॅशियर म्हणतो, "बिल आणा." शिपाई म्हणतो, "साहेब, फुलवाला कुठला बिल देणार?" दोघांचंही बरोबर असतं. गंमत अशी की हा वाद बहुतेक ठिकाणी दोनच पद्धतींनी मिटतो, आणि दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत.

पहिली पद्धत कडक साहेबांची. बिलाशिवाय एक रुपयाही मिळणार नाही. यामुळे काटकसर होत नाही, खोटी बिलं तयार होतात. स्टेशनरीच्या दुकानात कोरं बिलबुक सहज मिळतं, रबरी शिक्का बनवून घेणंही अवघड नाही. पुढच्या महिन्यापासून सगळं बिलासकट येऊ लागतं आणि साहेब खूश होतात. दुसरी पद्धत मोकळ्या हाताच्या मालकांची. व्हाउचरवर "पूजा साहित्य" लिहायचं, रक्कम टाकायची, शिपायाची सही घ्यायची, खतावणीत "किरकोळ खर्च" या खात्यावर ढकलायचं. बिल नाही म्हटल्यावर तपासायचं तरी काय, असा त्यामागचा समज.

माझं म्हणणं या दोन्हींच्या विरोधात आहे. विक्रेत्याचं बिल नसलं तर एकच गोष्ट कमी होते: व्यवहाराबद्दल बाहेरच्या माणसाने दिलेला कागद. खर्च कशासाठी, परवानगी कुणाची, वस्तू आली का, भाव वाजवी का, पैसे कुणाला आणि कसे दिले, हे पाचही प्रश्न जिथल्या तिथेच राहतात. उलट बिल नसताना ते जास्त जोराने विचारावे लागतात. कारण व्हाउचर हा कागद खर्च करणाऱ्याच्याच बाजूने तयार होतो, आणि स्वतःच लिहिलेल्या कागदाने स्वतःचीच साक्ष देता येत नाही.

त्याआधी एक प्रश्न निकालात काढू. बिल खरोखरच मिळण्यासारखं नव्हतं का? रस्त्यावरचा फुलवाला, हातगाडीवाला, किल्ल्या बनवणारा, भंगाराच्या बाजारात जुनं बेअरिंग शोधून देणारा, हमाल, रिक्षावाला, यांच्याकडून बिलाची अपेक्षा करणं व्यर्थ. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या आत असेल, तर त्याला सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही, त्यामुळे तो जीएसटीचं बिल देऊच शकत नाही. मात्र हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवरचा माणूस जेव्हा म्हणतो, "बिल हवं असेल तर अठरा टक्के जास्त पडतील," तेव्हा तो छोटा विक्रेता नसतो. तो नोंदणीकृत दुकानदार असतो आणि ती विक्री त्याला वहीत दाखवायची नसते. हजार रुपयांच्या मालावर १८० रुपये वाचले असं शिपायाला वाटतं. प्रत्यक्षात कारखाना जीएसटीत नोंदलेला असेल तर बहुतेक मालावर हे १८० रुपये क्रेडिट म्हणून परत मिळाले असते. म्हणजे वाचलं काहीच नाही, हातातला पुरावा मात्र गेला. किरकोळ रकमेला बिल द्यावं लागत नाही, असंही दुकानदार सांगतात. २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला वेगळं बिल न देण्याची सवलत खरी आहे, पण ती ग्राहक नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितलं नसेल तेव्हाची. नोंदणीकृत कारखान्याने मागितलेलं बिल टाळायला ती उपयोगी पडत नाही. म्हणून व्हाउचरवर एक ओळ सक्तीची असावी: "बिल का नाही?" त्या रकान्यात "दिलं नाही" एवढंच असेल तर व्हाउचर परत करावं. "रस्त्यावरचा विक्रेता, पावतीपुस्तक नाही" असं असेल तर पुढे जावं.

आता यंत्रपूजेचंच व्हाउचर घेऊ. एका मध्यम कारखान्यात ते साधारण असं येतं: "पूजा साहित्य व पेढे, रुपये ५,४४०." पैसे घेणारा म्हणून शिपायाची सही. या एका ओळीत पाच वेगळे खर्च लपले आहेत. पाच किलो पेढे, ५६० रुपये किलोने २,८०० रुपयांचे. ते मिठाईच्या दुकानातून आले आणि तिथे छापील बिल मिळतं, तेव्हा ते या व्हाउचरवर यायलाच नको होते. ते बाजूला काढले की उरतात २,६४० रुपये. त्यात बारा किलो झेंडू १२० रुपयांनी १,४४०, पंधरा नारळ ४० रुपयांनी ६००, आंब्याचे डहाळे आणि केळीचे खुंट मिळून ३५०, आणि रिक्षाचे २५०. एवढं फोडून लिहिलं की अर्धं काम होतं, कारण प्रत्येक ओळ आता तपासता येते. "पूजा साहित्य" तपासता येत नाही. बारा किलो झेंडू तपासता येतो.

कसा तपासायचा? कारखान्यात वजनकाटा असतोच. फुलांचं पोतं गेटमधून आत आलं की त्यावर ठेवायचं आणि स्टोअरच्या माणसाने वजन लिहून सही करायची. नारळ मोजायला अर्धं मिनिट लागतं. सिक्युरिटीच्या आवक रजिस्टरमध्ये रिक्षाचा नंबर आणि वेळ पडते. हे रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाचा पेटी कॅशशी काडीचाही संबंध नसतो, म्हणूनच त्याची नोंद मोलाची. बिल नसल्यामुळे जो बाहेरचा साक्षीदार गेला, त्याच्या जागी आतलाच पण अलिप्त साक्षीदार उभा करायचा, हे या सगळ्या नियंत्रणाचं सूत्र आहे. भावाचं म्हणाल तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव कार्यालयातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ असतो, कारण त्यांनीही घरासाठी तो घेतलेला असतो. मंजुरी देणाऱ्याने एकाला विचारायचं आणि व्हाउचरवर "भाव पाहिला" असं लिहून सही करायची.

पुढचा मुद्दा सहीचा. व्हाउचरच्या खाली "पैसे घेणाऱ्याची सही" अशी जागा छापलेली असते. गर्दीत फुलवाला सही करत बसत नाही. मग ती जागा भरायची म्हणून शिपाई किंवा कॅशियर तिथे काहीतरी गिरगटतो. हा क्षण सगळ्यात धोक्याचा. खर्च खरा, रक्कम खरी, पण सही खोटी, म्हणजे एका प्रामाणिक खर्चाचा कागद आपल्याच हाताने बनावट केला. त्यापेक्षा ती जागा रिकामी ठेवावी आणि लिहावं, "विक्रेत्याची सही मिळाली नाही, खर्च मी केला." खाली शिपायाने स्वतःच्या नावाने सही करावी. तो तेव्हा पैसे घेणारा विक्रेता नसतो, आपण केलेल्या खर्चाचा दाखला देणारा कर्मचारी असतो. हमाल, किल्लीवाला, प्लंबर असे लोक मात्र कारखान्यात येऊन काम करतात, त्यांची सही घेता येते. सही येत नसेल तर अंगठा घ्यावा आणि शेजारी साक्षीदाराचं नाव लिहावं. नाव पूर्ण हवं, फोन नंबर हवा. "हमाल, ६०० रुपये" हा कुणाचाच पत्ता नाही. एकाच पावतीची रक्कम ५,००० रुपयांच्या वर गेली तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्यावी लागते, हेही बरेच कॅशियर विसरतात.

हल्ली फुलवाल्याकडेही क्यूआर कोड असतो. म्हणून जमेल तिथे रोख टाळावी, निदान पैसे कुणाच्या खात्यात, किती वाजता गेले याची नोंद तरी मिळते. पण यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. पैसे गेले एवढंच तो सांगतो, कशाचे गेले ते सांगत नाही. शिवाय कोडवर कधी विक्रेत्याच्या मुलाचं नाव असतं, कधी मेव्हण्याचं. म्हणून स्क्रीनशॉटबरोबर व्हाउचर लागतंच, आणि त्यावर व्यवहाराचा क्रमांक लिहावा, म्हणजे तोच स्क्रीनशॉट पुढच्या महिन्यात दुसऱ्या व्हाउचरला चिकटत नाही. शिपायाने स्वतःच्या फोनवरून पैसे दिले असतील तर परतफेड त्याच्या खात्यातच करावी. पेटीतून रोख दिली की माग तिथेच तुटतो.

आता पेटीकडे येऊ. सगळ्यात चांगली पद्धत इम्प्रेस्टची. एक रक्कम ठरवायची, समजा १५,००० रुपये, आणि कॅशियरच्या ताब्यात तेवढीच द्यायची. कोणत्याही दिवशी, कोणत्याही क्षणी पेटीतली रोकड, दिलेली व्हाउचर आणि बाहेर असलेली उचल यांची बेरीज १५,००० यायला हवी. समजा मालक दुपारी तीन वाजता न सांगता येऊन पेटी उघडायला लावतात. रोकड निघते ४,३१०. मंजूर व्हाउचर ९,१९० ची. एक उचल चिठ्ठी १,५०० ची. बेरीज १५,०००, ताळा जमला. पेटी पुन्हा भरायची तेव्हा कॅशियरला फक्त ९,१९० चा चेक मिळतो, आणि प्रत्येक व्हाउचरवर "रक्कम दिली" असा शिक्का पडतो. शिक्का नसेल तर तेच व्हाउचर पुढच्या महिन्यात परत फिरून येऊ शकतं. १,५०० च्या उचल चिठ्ठीकडे मात्र नीट पाहावं. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची असेल तर ती उचल राहिलेली नाही, ते बिनव्याजी कर्ज झालं आहे. उचल दोन दिवसांत मिटली पाहिजे. आपल्या उदाहरणात शिपायाने ३,००० घेतले, २,६४० खर्च केले, तर ३६० त्याच दिवशी परत यायला हवेत आणि उचल चिठ्ठी रद्द करून व्हाउचरला जोडायला हवी.

इम्प्रेस्टवर माझा भरवसा आहे, पण त्याची मर्यादा सांगितली नाही तर फसगत होईल. ताळा जमणं म्हणजे व्हाउचर खरी असणं नव्हे. शिपायाने ९०० चा झेंडू आणून १,४४० लिहिले, तर ५४० रुपये खिशात जातात आणि पेटीचा ताळा तरीही रुपया-रुपयाला जमतो. किंबहुना खोट्या व्हाउचरने ताळा कधीच बिघडत नाही, कारण ते लिहिलेलंच पेटी जुळवण्यासाठी असतं. रोज सुटे पैसे हाताळणाऱ्या पेटीत महिन्याकाठी दोन-चार रुपयांचा फरक पडणं नैसर्गिक आहे. वर्षभर कधीच फरक पडला नाही, तर मी कॅशियरचं कौतुक करण्याआधी व्हाउचरांचा गठ्ठा मागतो.

गठ्ठ्यात पाहायचं काय? एकेक व्हाउचर सुटं पाहून काही कळत नाही, तिमाहीची एकत्र पसरावी लागतात. पाच वेगवेगळ्या हमालांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या दिसतात का? व्हाउचरचे क्रमांक पुढे जातात पण तारखा मागे येतात का? म्हणजे ती महिनाअखेरीस बसून लिहिलेली आहेत. मंजुरीची मर्यादा ५०० असताना ४८०, ४९०, ४९५ अशा रकमांची रांग लागली आहे का? रिक्षाभाड्याची तारीख हजेरीपटाशी लावून पाहा. रजेवर असलेला माणूस रिक्षाने कुठे गेला? बिलं जोडलेली असतील तर त्यांचे नंबर पाहा. एकाच दुकानाची एप्रिलपासून जूनपर्यंतची बिलं ३१, ३२, ३३ अशी सलग असतील, तर त्या दुकानात तीन महिन्यांत तुमच्याशिवाय गिऱ्हाईकच आलं नाही असा अर्थ होतो. असं बिलबुक दुकानाच्या गल्ल्यात नसतं, आपल्याच कुणाच्या तरी टेबलाच्या खणात असतं. कडक साहेबांना मी हेच दाखवतो. तुमच्या नियमाने खर्च थांबला नाही, फक्त पुरावा बिघडला.

कायद्याच्या दोन रेषा बिल असो वा नसो, लागू राहतात. पहिली रोखीची. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर आयकराच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ४०अ(३) होतं, कार्यालयांमधला "फोर्टी ए थ्री". मालवाहतुकीच्या गाड्यांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे. एकाच दिवशी ६,००० ची दोन व्हाउचर केली तरी बेरीज १२,००० च धरतात, तेव्हा फोडून काही साधत नाही. यूपीआय किंवा बँकेतून दिलेल्या पैशाला हा अडथळा नाही. मर्यादेच्या आतल्या खर्चालाही तो धंद्यासाठीच झाला हे दाखवावं लागतं. आयकर अधिकारी अनेकदा "स्वतः बनवलेली व्हाउचर" असा शेरा मारून ठोकताळ्याने काही टक्के खर्च नामंजूर करतात. तेव्हा अपिलात उपयोगी पडतात ते गेट रजिस्टर, वजनाची नोंद, नाव-नंबर. "किरकोळ खर्च" हा शब्द तिथे काहीच सांगू शकत नाही.

दुसरी रेषा एकाच माणसाला वर्षभरात दिलेल्या एकूण रकमेची. माल उतरवणाऱ्या मुकादमाला महिन्याला ९,००० रुपये पेटीतून जातात. प्रत्येक व्हाउचर लहान, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. वर्षाअखेर होतात १,०८,०००. कंत्राटी कामाच्या टीडीएसची मर्यादा एका वेळी ३०,००० आणि वर्षाला एक लाख आहे, म्हणजे ती इथे ओलांडली गेली. मुकादम वैयक्तिक नावाने काम करत असेल तर एक टक्का, आणि पॅन दिला नाही तर वीस टक्के कापायला हवे होते. बिल नसल्यामुळे खतावणीत त्याच्या नावाचं खातंच उघडलं गेलं नाही, आणि म्हणून हे दिसलं नाही. शिवाय महाराष्ट्रात हमालांच्या नियमित कामाला १९६९ चा माथाडी कायदा लागू होऊ शकतो, आणि व्हाउचरवरच्या "हमाली" या एका शब्दाने तो प्रश्न संपत नाही. यावर उपाय सोपा आहे. बिल न देणाऱ्यांपैकी जो वर्षात तिसऱ्यांदा पैसे घेतो, त्याचं स्वतंत्र खातं उघडावं, पॅन घ्यावा आणि त्याला पेटीतून काढून बँकेत न्यावं. पेटी कॅश अधूनमधून होणाऱ्या, आधी न ठरलेल्या खर्चासाठी असते. दर महिन्याला न चुकता येणारा खर्च तिथे दिसला की तो चुकीच्या दाराने आला आहे, असं समजावं.

यावर लहान उद्योजकांचा आक्षेप ठरलेला असतो: आमच्याकडे कार्यालयात दोनच माणसं, एवढ्या सह्या कुणाच्या आणायच्या? आक्षेप खरा आहे. खर्च करणारा, मंजुरी देणारा आणि पेटी सांभाळणारा असे तीन हात दोन माणसांत बसत नाहीत. तिथे मालकाने स्वतः एक हात व्हावं. मंजुरी त्याची असावी, आणि महिन्यातून एकदा, ठरलेला दिवस न ठेवता, पेटी त्याने मोजावी. एवढं तरी त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला करता येत नाही. वस्तू आल्याची सही मात्र कार्यालयाबाहेरच्या माणसाची घ्यावी: सुपरवायझर, स्टोअरकीपर, गेटवरचा सिक्युरिटी. आणखी एक मर्यादा मालकाने स्वतःवर घालून घ्यावी. घरचा किराणा, मुलांच्या शाळेची रिक्षा, देवळातली देणगी या पेटीतून जाऊ नयेत. मालकाचे खासगी खर्च व्हाउचरवर "किरकोळ" म्हणून चालले, तर शिपायाचे ५४० कुठल्या तोंडाने पकडणार?

म्हणून यंदा यंत्रपूजेच्या व्हाउचरवर कॅशियरने "बिल आणा" असं म्हणू नये. पेढ्यांचं बिल वेगळं मागावं, बाकीच्यासाठी विचारावं: किती किलो, कोणत्या भावाने, वजन कुणी केलं, पैसे कुणाला दिले, बिल का नाही. या पाचही प्रश्नांची उत्तरं कागदावर आली तर २,६४० रुपये तिथल्या तिथे द्यावेत, ऑडिटर काय म्हणेल याची काळजी न करता. एखाद्या ऑडिटरने तरीही "सपोर्टिंग बिल नाही" असा शेरा लिहिला, तर त्याला हेच पाच प्रश्न वाचून दाखवावेत आणि यातलं कुठलं उत्तर बिलाने जास्त चांगलं दिलं असतं ते विचारावं. आणि उत्तरं आली नाहीत तर छापील बिल जोडलेलं असलं तरी ते व्हाउचर परत पाठवावं.